ओल्या रस्त्यावरचे निऑन: प्रॉम्प्टमध्ये आधी पाण्याची जागा ठरवावी

प्रश्न: संगणकासाठी रात्रीच्या सायफाय शहराचा वॉलपेपर हवा आहे, ज्यात ओल्या रस्त्यावर निऑन दिव्यांचे प्रतिबिंब दिसेल. घरच्या संगणकावर स्टेबल डिफ्यूजन एक्सएल हे लिखित वर्णनावरून, म्हणजे प्रॉम्प्टवरून, चित्र काढणारे मॉडेल चालवते. cyberpunk city, neon reflections, wet street, glossy, 8k असा प्रॉम्प्ट दिला की रस्ता मॉलमधल्या फरशीसारखा येतो आणि सगळे चित्र गुलाबी-निळे होते. शक्य असल्यास एक पाटी मराठीत हवी. प्रॉम्प्ट नेमका कसा लिहावा?

उत्तर:

तुमच्या प्रॉम्प्टमध्ये प्रतिबिंब हा शब्द आहे, पण प्रतिबिंब ज्यांच्यामुळे पडते त्या तीन गोष्टी नाहीत: पाणी रस्त्यावर कुठे साचले आहे, कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि दिवा नेमका कुठे आहे. मॉडेलला फक्त `reflections` आणि `glossy` एवढेच सांगितले की ते संपूर्ण रस्त्यावर एकसारखी चकाकी फासते, कारण ज्या चित्रांच्या वर्णनात हे शब्द येतात त्यांत गुळगुळीत फरश्या आणि संगणकावर रचलेली चकचकीत दृश्येच भरपूर असतात. चित्रपटांच्या आणि जाहिरातींच्या प्रकाशयोजनेत बरीच वर्षे काम केल्यावर माझी सवय अशी झाली आहे की प्रॉम्प्ट लिहिण्याआधी रस्ता डोळ्यांसमोर आणायचा आणि चकाकीचे शब्द जवळजवळ वापरायचेच नाहीत.

पावसाने भिजलेले डांबर जवळून पाहिले तर त्यात तीन प्रकारचे पृष्ठभाग दिसतात. खड्ड्यात आणि पदपथाच्या कडेला साचलेले पाणी आरशासारखे असते आणि तिथे दिव्याचा आकार ओळखू येतो. ज्या भागात पाण्याचा पातळ थर खडीवर चढला आहे, तिथे दिवा खालच्या दिशेने लांबच लांब ओघळतो; सिग्नलचा लाल ठिपका हातभर लांबीची लाल पट्टी होतो, पण आडवा फारसा पसरत नाही. तिसरा भाग नुसता दमट असतो, तिथे प्रतिबिंब नसतेच, फक्त डांबर कोरड्यापेक्षा काळे दिसते, कारण खडीच्या फटींत शिरलेले पाणी प्रकाश आतल्या आत अडकवते आणि डोळ्यांपर्यंत कमी परत येऊ देते. हे तीन भाग शेजारी-शेजारी असले की रस्ता खरा वाटतो. एकच प्रकार सगळीकडे असला की तुम्ही म्हणता तशी मॉलची फरशी होते. म्हणून प्रॉम्प्टमध्ये रस्ता ओला आहे असे न म्हणता डबकी कोणत्या कडेला आहेत आणि निस्तेज दमट भाग कोणत्या बाजूला आहे, हे लिहावे.

येथेच आणखी एक विसंगती टाळावी. `heavy rain` आणि स्वच्छ प्रतिबिंब एकत्र मागू नये. पाऊस पडत असताना डबक्यावर थेंबांची वलये उठतात आणि प्रतिबिंब मोडते. मॉडेल दोन्ही सूचना मानण्याच्या प्रयत्नात पाऊस हवेत रेषांसारखा काढते आणि डबके मात्र स्थिर ठेवते, आणि हे खटकते. पाऊस नुकताच थांबला आहे, असे सांगणे सर्वात सोयीचे.

आता कॅमेऱ्याची उंची. पाण्यावरून किती प्रकाश परततो हे आपण त्याकडे किती तिरपे पाहतो यावर ठरते. सरळ वरून पाहिल्यास पाणी जेमतेम 2 टक्के प्रकाश परत पाठवते. माणूस उभा आहे, डोळे सुमारे 1.6 मीटर उंचीवर आहेत आणि तीन मीटरवर डबके आहे, असे धरले तर हे प्रमाण साधारण 7 टक्के होते. तेच डबके, तेवढ्याच अंतरावरून, कॅमेरा जमिनीपासून 40 सेंटीमीटरवर आणून पाहिले तर ते 44 टक्क्यांच्या आसपास जाते. पावसात एखाद्या सिग्नलजवळ मोबाइल उलटा धरून त्याचे भिंग डबक्याला जवळजवळ टेकवून पाहा. वीतभर पाण्यात अख्खी इमारत मावते. रस्त्यावर बसलेल्या माणसाकडे लोक विचित्र नजरेने पाहतात, पण ही एक गोष्ट प्रत्यक्ष पाहिली की प्रॉम्प्टमधला कॅमेरा आपोआप खाली येतो. कॅमेरा खाली असला तरी तो जमिनीकडे झुकलेला नसावा, क्षितिज समतल असावे. उंचावरून खाली पाहणारे शहराचे दृश्य मागितले आणि त्यात निऑनची प्रतिबिंबेही मागितली, तर मॉडेल ती काढून देईल, पण ती रंगवलेली वाटतील.

रंगांचा गुलाबी-निळा गोळा होण्याचे कारण `cyberpunk` हा शब्द आहे. तो एक शब्द रंगसंगती, पाऊस, चिनी-जपानी पाट्या आणि छत्री घेतलेला पाठमोरा माणूस एवढे सगळे सोबत घेऊन येतो. मी तो काढून टाकतो आणि दिव्यांचे रंग मोजून लिहितो. निऑन वायूचा स्वतःचा रंग नारिंगी-लाल असतो. 1910 साली पॅरिसमध्ये जॉर्ज क्लोद यांनी निऑनचे दिवे जाहीरपणे दाखवले तेव्हा लोकांनी हाच रंग पाहिला. ज्यांना आपण निऑनच म्हणतो त्या निळ्या-हिरव्या नळ्यांत बहुधा आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ असते, आणि रंग काचेच्या आतल्या लेपातून किंवा रंगीत काचेतून मिळतो. हे सांगण्याचे कारण इतकेच, की एक मोठी नारिंगी-लाल पाटी आणि एक लहान हिरवी पाटी एवढे दोनच दिवे ठेवले तर चित्र खऱ्या निऑनच्या जवळ जाते आणि ओल्या डांबरावर प्रत्येक रंगाला स्वतःची जागा मिळते. दहा पाट्या असल्या की त्यांचे ओघळ एकमेकांत मिसळून रस्त्याचा सगळा गाळ होतो.

`8k` लिहिल्याने चित्र मोठे होत नाही. हे मॉडेल सुमारे 1024 × 1024 एवढ्या पिक्सेलसंख्येवर शिकलेले आहे आणि आडव्या चित्रासाठी 1344 × 768 हा आकार त्याला मानवतो. थेट 2560 किंवा 3840 रुंदी मागितली की एकाच चित्रात दोन रस्ते, दोन क्षितिजे किंवा एकमेकांवर चढलेली दोन शहरे दिसू लागतात. म्हणून लहान काढावे आणि नंतर वाढवावे.

या सगळ्यावरून मी लिहिलेला प्रॉम्प्ट असा आहे:

```
future city street at night after rain, camera almost
on the ground, wide lens, rough asphalt, shallow puddles
along the right kerb, damp dull patches on the left,
one tall orange-red neon sign far right, one small green
sign, dark concrete towers, few lit windows, thin mist,
left third in shadow
```

आणि नकारात्मक प्रॉम्प्ट, म्हणजे चित्रात काय नको त्याची यादी:

```
polished floor, marble, magenta, pink, purple, people,
umbrella, cars, watermark
```

या मॉडेलचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी 75 टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, घेतो. बहुतेक इंटरफेस त्यापुढचा मजकूर दुसऱ्या तुकड्यात टाकतात, पण वाक्याचा संबंध तिथे सैल होतो. वरचा प्रॉम्प्ट त्या मर्यादेत बसतो आणि महत्त्वाचे ते आधी आहे. माणसे नकोत ही सूचना मुख्य प्रॉम्प्टमध्ये `no people` अशी लिहू नये. मॉडेल नकार नीट समजत नाही, त्याला फक्त माणसे हा शब्द पोहोचतो. मी स्टेप, म्हणजे चित्र घडवण्याच्या फेऱ्या, 30 आणि सीएफजी, म्हणजे प्रॉम्प्ट किती काटेकोरपणे पाळायचा याचा आकडा, 5.5 ठेवतो. सीएफजी 9-10 पर्यंत नेले की निऑन पांढरे जळते आणि रस्ता पुन्हा प्लास्टिकचा दिसू लागतो.

`left third in shadow` हे वॉलपेपरसाठी आहे, कारण संगणकावरची चिन्हे डावीकडे बसतात आणि त्यांची नावे उजळ भागावर वाचता येत नाहीत. मात्र हे मॉडेल डावे-उजवे फारसे पाळत नाही. एका सीडवर, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणाऱ्या एकाच आकड्यावर, न थांबता आठ चित्रे काढावीत. दोन-तीनांत मांडणी बरोबर येते आणि एक-दोनांत नेमकी उलटी येते. उलटी आलेली फेकू नये, सरळ आडवी पालटावी. पाट्यांवरची अक्षरे तशीही निरर्थक असतात, आणि आडवे पालटल्याने प्रतिबिंबाच्या नियमाला धक्का लागत नाही.

चांगले वाटलेले चित्र निवडताना मी सौंदर्याआधी एक तपासणी करतो. पाटीच्या टोकावरून सरळ खाली उभी रेघ ओढावी. क्षितिज समतल असेल तर तिचे प्रतिबिंब त्याच उभ्या रेघेवर पडले पाहिजे, डावीकडे-उजवीकडे सरकलेले चालणार नाही. दुसरे, पाटी ज्या भिंतीवर आहे ती भिंत जमिनीला जिथे टेकते त्या बिंदूपासून पाटी जेवढी वर, तेवढेच प्रतिबिंब खाली असते. पाट्यांचे गणित डबक्याच्या कडेपासून किंवा रस्त्याच्या मध्यरेषेपासून धरायचे नाही, भिंतीच्या पायापासून धरायचे. तिसरे, प्रतिबिंबातली अक्षरे वरची खाली झालेली असतात, डावी-उजवी झालेली नसतात. मॉडेलला यांतले काहीच ठाऊक नसते; त्याला पाटीच्या खाली त्याच रंगाचा एक धूसर पट्टा असतो एवढेच माहीत असते, आणि तो पट्टा ते कधी हातभर शेजारी काढते, कधी पाटीच नसलेल्या जागी काढते. हिरव्या पाटीखाली लाल ओघळ दिसला तर ते चित्र तिथेच बाजूला ठेवावे, कारण ते दुरुस्त करण्यापेक्षा नवे काढणे स्वस्त पडते.

माझ्या आठ चित्रांपैकी सहाव्यात रस्ता मनासारखा होता, डबकी उजव्या कडेला होती, पण मोठ्या पाटीवर अक्षरांसारखे दिसणारे कसलेसे किडे होते आणि प्रतिबिंब पाटीच्या थोडे डावीकडे सरकलेले होते. ते चित्र आधी वर-खाली मिळून 12 पिक्सेल कापून 1344 × 756 केले, म्हणजे 16:9 हे प्रमाण अचूक जुळते, आणि मग तुकड्यातुकड्याने वाढवून 3840 × 2160 केले. वाढवताना डीनॉइज, म्हणजे मॉडेलला चित्र किती बदलू द्यायचे याचे प्रमाण, 0.3 च्या आसपास ठेवावे. 0.5 वर गेले की प्रत्येक तुकड्यात मॉडेल स्वतःची नवी खिडकी, नवा दिवा घालू लागते, आणि रस्त्याच्या मधोमध एखादे चिमुकले शहर उगवते.

मराठी पाटी मॉडेलकडून काढून घेण्याच्या नादी लागू नका. देवनागरीत मात्रा आणि जोडाक्षरे व्यंजनाभोवती चारही बाजूंनी बसतात आणि हे मॉडेल अक्षर लिहीत नाही, अक्षराचे चित्र आठवते; त्यामुळे वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. पाटी हाताने बसवावी. मी चित्र क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले, पाटीवरचे किडे आजूबाजूच्या गडद रंगाने झाकले आणि बालू या गोलसर टोकांच्या टंकात उभ्या पाटीसाठी एकाखाली एक अक्षर लिहिले. खऱ्या निऑनमध्ये अक्षर म्हणजे वाकवलेली काचेची नळी असते, म्हणून शिरोरेषा अक्षराला चिकटवून न ठेवता दोन-तीन पिक्सेलची फट सोडून वेगळी नळी केल्यासारखी ठेवली तर पाटी एकदम खरी वाटते. शब्द शक्यतो जोडाक्षरांशिवायचा घ्यावा. मी ‘चहा’ लिहिले, आणि भविष्यातल्या शहरात तेवढे तरी टिकेल असे मला वाटते. अक्षराचा गाभा जवळजवळ पांढरट-पिवळा ठेवावा, रंग त्याच्या कडेच्या तेजोवलयात यावा. संपूर्ण अक्षर गडद नारिंगी भरले तर ते रंगवलेला फलक वाटते, पेटलेली नळी वाटत नाही.

आता याच पाटीचे प्रतिबिंब. माझ्या चित्रात पाटीची खालची कड भिंतीच्या पायापासून 380 पिक्सेल वर आणि वरची कड 760 पिक्सेल वर होती. म्हणून मॉडेलने काढलेला सरकलेला ओघळ आधी झाकला, पाटीच्या थराची प्रत काढली, ती वरची खाली पालटली आणि त्याच उभ्या पट्ट्यात अशी ठेवली की ती भिंतीच्या पायाखाली 380 वर सुरू होऊन 760 वर संपेल. भिंतीच्या पायाखाली चित्रात साधारण 900 पिक्सेल जागा होती, त्यामुळे प्रतिबिंब पूर्ण मावले आणि तळाच्या टास्कबारखालीही गेले नाही. पाटी 900 पेक्षा उंच असती तर तिचा माथा प्रतिबिंबात दिसलाच नसता. उंच मनोऱ्यांची शिखरे डबक्यात दाखवणारी जी चित्रे सर्रास फिरतात, त्यांत अनेकदा हीच चूक असते.

पालटलेल्या थराला उभ्या दिशेने मोशन ब्लर दिला: डबक्यावर पडणाऱ्या भागाला 15 पिक्सेल, खडीवर पडणाऱ्या भागाला 90. थर खालच्या चित्रात मिसळण्याचा प्रकार स्क्रीन ठेवला. निस्तेज दमट भाग आणि पदपथ यांवरून प्रतिबिंब मास्कने पुसले, कारण पाणी नाही तिथे ते पडणार नाही. मग सर्वात जास्त फरक पाडणारी गोष्ट केली. चौकटीत आपण जसजसे खाली येतो तसतसे रस्त्याकडे अधिक सरळ वरून पाहत असतो, म्हणून प्रतिबिंब तळाकडे फिके होत जाते. 24 मिलिमीटरच्या भिंगाचे दृश्य धरले तर क्षितिजाखाली 380 पिक्सेलवर सुमारे 41 टक्के प्रकाश परततो आणि 760 वर सुमारे 18 टक्के. पडद्यावरचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, म्हणून थराची अपारदर्शकता वर 60 आणि तळाशी 35-40 टक्के ठेवली की डोळ्यांना पटते. मॉडेल बहुतेक वेळा उलट करते, म्हणजे सर्वात झगझगीत प्रतिबिंब प्रेक्षकाच्या पायाशी काढते, आणि आपल्याला काहीतरी खोटे आहे एवढेच जाणवते, नेमके काय ते कळत नाही.

हाताने बसवलेला तुकडा चित्रावर चिकटवल्यासारखा वाटला, तर फक्त तेवढा भाग निवडून इनपेंटिंगला, म्हणजे मॉडेलकडून तेवढेच पुन्हा काढून घ्यायला, द्यावा आणि डीनॉइज 0.25 ठेवावे. एवढ्यात खडीचा पोत ओघळात उतरतो, पण जागा बदलत नाही. 0.4 वर मात्र मॉडेल प्रतिबिंब पुन्हा आपल्या मनाने काढू लागते. पाटीची अक्षरे या निवडीत घेऊ नयेत, नाहीतर ‘चहा’चा पुन्हा किडा होतो.

शेवटी गडद आकाश पाहावे. काळ्या-निळ्या आकाशात धुके असले की रंगांच्या पायऱ्या दिसू लागतात, आणि छोट्या चित्रात त्या जाणवत नाहीत, पूर्ण पडद्यावर मात्र उठून दिसतात. त्यावर फिल्मसारखे बारीक दाणे, अगदी एक-दोन टक्के, घातले की पायऱ्या विरतात. मग फाइल पीएनजी म्हणून साठवावी, कारण जेपीजीचा दाब हेच दाणे आधी खातो. वॉलपेपर लावल्यावर खोलीतले दिवे बंद करून, पडद्याचा उजेड तुम्ही रात्री ठेवता तेवढाच ठेवून एकदा पाहा. डावीकडच्या चिन्हांची नावे वाचता आली नाहीत तर तो कोपरा आणखी थोडा गडद करावा, पण उजवीकडच्या डबक्यांना हात लावू नये.